फी मागणारी शिष्यवृत्ती आणि आपला फॉरवर्ड



"बाई, लॅपटॉप कधी येणार?"

पाचवीतल्या एका मुलाची आई शाळा सुटताना वर्गाच्या दारात उभी राहून मला हे विचारत होती. मला आधी काही कळेचना. कसला लॅपटॉप? मग त्या म्हणाल्या, "तुम्हीच टाकला होतात ना मेसेज, वर्गाच्या ग्रुपवर. मोठीसाठी फॉर्म भरला मी. पैसे पण भरले."

मी मोबाइल काढून ग्रुप वर सरकवला. मेसेज होता. "पाचवी ते पदवी, सर्व विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप, आजच अर्ज करा" आणि खाली निळी लिंक. टाकणारी मीच. संध्याकाळी एका प्रशिक्षणाच्या ग्रुपवर तो आला होता. मी लिंक उघडून न पाहता तो पुढे ढकलला आणि वर स्वतःचं एक वाक्यही जोडलं होतं: "सर्व पालकांनी लाभ घ्यावा."

आज लिहायचं कारण हे आहे. फसवणाऱ्यांबद्दल पेपरात रोज येतं. पण तळोज्यासारख्या ठिकाणी, जिथे निम्मे पालक एमआयडीसीत पाळीवर असतात आणि मुलांच्या शाळेबद्दलची त्यांची सगळी माहिती बाईंच्या ग्रुपवरूनच येते, तिथे अशा मेसेजवर शाळेचा शिक्का मारायचं काम आपण शिक्षक करतो. माझं मत स्पष्ट आहे: या फसवणुकीला पालकांचा लोभ कारण नाही. खरी शिष्यवृत्ती कुठल्या वाटेने येते हे आपण त्यांना कधी नीट सांगितलेलं नाही, हे कारण आहे.

त्या ताईंचं नेमकं काय झालं

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आणि त्यांच्या अकरावीतल्या मुलीला बोलावलं आणि आम्ही तिघींनी मिळून सगळा क्रम लिहून काढला. तो तसाच सांगते, कारण सगळी गोम त्या क्रमात आहे.

लिंक उघडली की आधी साधा फॉर्म होता: नाव, शाळा, इयत्ता, मोबाइल नंबर. पैशाचा उल्लेखही नाही. फॉर्म भरला की "अभिनंदन, आपली निवड झाली आहे" अशी हिरवी खूण आली. त्यानंतर "अर्ज पक्का करण्यासाठी हा मेसेज दहा ग्रुपवर पाठवा." ताईंनी पाठवला. म्हणजे फसणाऱ्याकडूनच प्रचार करून घेतला. मला तो मेसेज आला तो अशाच कुणाकडून तरी फिरत आलेला असणार.

मग एका माणसाचा फोन आला. मराठीत, अगदी अदबीने बोलणारा. "ताई, लॅपटॉप मोफतच आहे. फक्त प्रोसेसिंग फी ४९९ रुपये." ताईंनी यूपीआयने भरले. दोन दिवसांनी पुन्हा फोन: लॅपटॉप पनवेलच्या गोदामात आला आहे, वाटेत फुटला तर जबाबदारी कुणाची, म्हणून विम्याचे १,८५० रुपये. ताई थोड्या थबकल्या, पण ४९९ आधीच गेले होते. ते वाया जाऊ नयेत म्हणून १,८५० भरले.

तिसऱ्या वेळी पैसे मागितले तेव्हा ताई म्हणाल्या, "मला नको लॅपटॉप, माझे पैसे परत करा." समोरचा लगेच तयार झाला. "हो ताई, २,३४९ रुपये परत करतो. हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे खात्यात येतील." ताईंनी स्कॅन केलं. स्क्रीनवर २,३४९ हाच आकडा दिसला. पिन टाकला, आणि तेवढेच पैसे आले नाहीत तर आणखी गेले. एकूण ४,६९८ रुपये. घरभाड्यातले.

इथे एक गोष्ट प्रत्येक पालकाला कळली पाहिजे. यूपीआय पिन हा पैसे पाठवण्यासाठी लागतो. आपल्याला पैसे येणार असतील तर पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआरही स्कॅन करावा लागत नाही. दुकानदार दिवसभर पैसे घेतो, तो कधी पिन टाकताना दिसतो का? हे उदाहरण मी पालकसभेत दिलं तेव्हा एका मिनिटात सगळ्यांना पटलं.

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट मधेच घडून गेली होती. "मुलीची पात्रता तपासायची आहे" असं सांगून त्या माणसाने मुलीच्या महाडीबीटी खात्याचं युजरनेम, पासवर्ड आणि आधारचा ओटीपीही घेतला होता. त्याबद्दल पुढे सांगते. त्याआधी खरी शिष्यवृत्ती कशी येते ते पाहू.

खऱ्या शिष्यवृत्तीची वाट

आपल्या ओळखीची एकच योजना घेऊ, एनएमएमएस. आठवीत परीक्षा होते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळेतली मुलं बसू शकतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असावं लागतं. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात.

हे पैसे मुलापर्यंत कसे येतात? परीक्षेचा अर्ज शाळा भरते. निवड झाल्यावर मूल नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे scholarships.gov.in वर अर्ज करतं. तो अर्ज आधी शाळेच्या लॉगिनला येतो. शाळेचा नोडल शिक्षक कागद पाहून पडताळणी करतो. मग जिल्ह्याच्या लॉगिनला दुसरी पडताळणी होते. त्यानंतर केंद्राकडून रक्कम थेट मुलाच्या बँक खात्यात जमा होते. दहावी, अकरावी, बारावीला दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं.

या वाटेवर तीन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, पैसा एकाच दिशेने वाहतो: सरकारकडून मुलाकडे. "तुम्ही आधी भरा, मग आम्ही देऊ" असा टप्पा कुठेच नाही. दुसरी, मधे शाळा किंवा कॉलेज आहे. महाडीबीटीवरच्या दहावीनंतरच्या शिष्यवृत्त्याही कॉलेजच्या लॉगिनवरून तपासूनच पुढे जातात. तिसरी, हे काम सावकाश चालतं. अर्ज, पडताळणी, त्रुटी, पुन्हा पडताळणी, यात महिने जातात. "आज रात्री १२ पर्यंत, फक्त शेवटचे ५०" असली घाई सरकारी शिष्यवृत्तीला नसते. मुदत असते, पण ती परिपत्रकात आधी लिहिलेली असते आणि बहुतेकदा वाढते.

म्हणून पालकांना मी आता एकच प्रश्न शिकवते: "हा अर्ज आमच्या शाळेच्या किंवा कॉलेजच्या लॉगिनला दिसेल का?" फोन करणाऱ्याला हे विचारायचं आणि मग आम्हाला येऊन विचारायचं. शाळेकडे न येता थेट घरी येणारी सरकारी शिष्यवृत्ती निदान मी तरी पाहिलेली नाही.

वेबसाइटचा पत्ता पाहा असंही सगळे सांगतात. ते बरोबर आहे, पण अर्धवट. https:// सोडून पत्त्यातल्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा भाग .gov.in ने, टिंबासकट, संपला पाहिजे. gov.in ही अक्षरं मधेच कुठेतरी आली आणि पुढे आणखी काही असलं तर ती साइट सरकारी नाही. मात्र उलट नियम लागू पडत नाही. महाज्योतीची साइट mahajyoti.org.in आहे. ती खरी आहे, पण gov.in नाही. म्हणून केवळ पत्त्यावर भिस्त ठेवू नका. शाळेला विचारणं हाच पक्का उपाय.

मग कुठलीच फी खरी नसते का?

इथे आपण शिक्षक घाईने "एक रुपयाही भरू नका" असं सांगतो आणि पालकांचा आणखी गोंधळ करतो. कारण दुसऱ्याच आठवड्यात आपणच शिष्यवृत्ती परीक्षेचं शुल्क मागतो. पालक म्हणणारच, "बाई, तुम्हीच म्हणाला होतात ना भरू नका म्हणून?"

फरक असा सांगावा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेला शुल्क आहे. ते परीक्षेला बसण्याचं शुल्क आहे, शिष्यवृत्ती मिळण्याचं नाही. ते शाळा घेते आणि शाळेच्या लॉगिनवरून परिषदेकडे भरते. कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर ते कधीच जात नाही.

दुसरा खर्च सायबर कॅफेचा किंवा सेवा केंद्राचा. अर्ज भरून दिला, कागद स्कॅन केले, प्रिंट काढली, त्याचे पैसे तो घेणार. ही त्याच्या कामाची मजुरी आहे. ती समोर बसून, काम झाल्यावर, पावती घेऊन द्यावी. पण तोच दुकानदार "मंजूर करून देतो, वरती द्यावे लागतात" म्हणाला तर तिथे मजुरी संपली आणि फसवणूक सुरू झाली. मंजुरी त्याच्या हातात नसतेच.

परीक्षेला बसायला किंवा कुणी केलेल्या कामाला पैसे लागू शकतात. मिळणारा लाभ हातात यावा म्हणून पैसे लागत नाहीत. प्रोसेसिंग फी, विमा, कुरिअर, जीएसटी, परत मिळणारं डिपॉझिट, नाव कुठलंही असो, ही सगळी त्याच एका मागणीची रूपं आहेत.

पासवर्ड का मागतात?

आता त्या मुलीच्या महाडीबीटी खात्याकडे येऊ. पालकांना वाटतं, त्या खात्यात पैसे थोडेच असतात, पासवर्ड दिला तर काय बिघडतं? खात्यात पैसे नसतात हे खरं. पण मुलीचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र, जातीचं प्रमाणपत्र, गुणपत्रिका, आधारचा तपशील असं सगळं एका जागी असतं. आत शिरलेला माणूस भरलेला अर्ज रद्दही करू शकतो. म्हणजे खोट्या लॅपटॉपच्या नादात खरी शिष्यवृत्ती अडकायची.

आधारचा ओटीपी तर याहून नाजूक. थेट लाभ हस्तांतरणाचे पैसे बहुतेक योजनांत आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. आपली खाती दोन-तीन असली तरी अनुदानासाठी आधारशी जोडलेलं खातं एका वेळी एकच असतं आणि शेवटचं जे जोडलं ते धरलं जातं. आधारच्या ओटीपीवर घरबसल्या खातं उघडून देणाऱ्या बँका आहेत. दुसऱ्याच्या हाती आपला ओटीपी गेला, त्याने आपल्या नावाने खातं उघडून आधार तिकडे जोडलं, तर मुलीची शिष्यवृत्ती तिला माहीतही नसलेल्या खात्यात जाऊ शकते. पोर्टल "रक्कम जमा" दाखवतं आणि पासबुकात काहीच नसतं.

हे तपासता येतं. myaadhaar.uidai.gov.in या साइटवर आधार नंबर आणि आपल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून आत गेलं की बँक सीडिंग स्टेटस असा पर्याय आहे. तिथे बँकेचं नाव दिसतं. आपलं नेहमीचं खातं ज्या बँकेत आहे तेच नाव असेल तर ठीक. अनोळखी बँक दिसली तर आपल्या बँकेत जाऊन आधार पुन्हा आपल्या खात्याला जोडण्याचा अर्ज द्यायचा. "माझ्या खात्याला आधार लिंक आहे" असं पालक म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांनी फक्त केवायसीला आधार दिलेलं असतं. अनुदानासाठीची जोडणी वेगळी असते, तिचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. फसवणूक झालेली असो वा नसो, हे एकदा पाहून ठेवावं.

ओटीपी स्वतः साइटवर टाकणं आणि फोनवर कुणाला सांगणं यातला फरकही मुलांना समजावून द्या. पहिलं म्हणजे आपणच आपल्या घराचं कुलूप उघडणं. दुसरं म्हणजे किल्ली रस्त्यावरच्या माणसाच्या हातात देणं.

आता थोडं आपल्याकडे, शिक्षकांकडे. विद्यार्थ्याच्या पासवर्डपेक्षा शाळेच्या लॉगिनला जास्त किंमत आहे, कारण एका लॉगिनवरून शेकडो अर्ज "पडताळले" असं दाखवता येतं. हे नुसतं भय नाही. २०२३ साली केंद्रीय अल्पसंख्याक मंत्रालयाने आपल्या शिष्यवृत्ती घेणाऱ्या १,५७२ संस्थांची तपासणी केली तेव्हा त्यातल्या ८३० बनावट किंवा बंद निघाल्या. १४४ कोटींहून अधिक रुपये असे गेले होते आणि प्रकरण सीबीआयकडे सोपवावं लागलं. संस्थेच्या पातळीवरची पडताळणी खोटी असली की पुढचं सगळं खरं दिसतं. त्यानंतर शाळेच्या नोडल शिक्षकाची आणि मुख्याध्यापकांची बोटांच्या ठशांनी ओळख पटवणं आलं. तेव्हा आपण त्या नियमावर कुरकुर केली होती, पण तो आला तो याच कारणाने.

तरीही आपल्या शाळांत काय दिसतं? लॉगिनचा पासवर्ड ऑफिसच्या कपाटावर चिठ्ठी लावून चिकटवलेला. "शिक्षण विभागातून बोलतोय, तुमच्या शाळेची पडताळणी अडकली आहे, ओटीपी सांगा" असा फोन आला की घाबरून सांगून मोकळे होणारे आपण. कार्यालयाला आपला पासवर्ड लागत नाही. त्यांना त्यांच्या स्वतःच्या लॉगिनवरून आपली शाळा दिसते. असा फोन आला तर ठेवून द्यावा आणि केंद्रप्रमुखांना किंवा गटशिक्षण कार्यालयाला आपल्याकडे असलेल्या नंबरवर आपण फोन करावा.

अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा आणखी एक मुद्दा तळोज्यातल्या पालकांसाठी मुद्दाम सांगते. केंद्राची मॅट्रिकपूर्व अल्पसंख्याक शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी २०२२-२३ पासून बंद झाली. ती नववी-दहावीपुरती उरली. तरी "पहिली ते आठवी, नवीन फॉर्म सुरू" म्हणत दोनशे-तीनशे रुपये गोळा करणारे लोक अजून भेटतात. योजना बंद झाल्याचं आपण पालकांना सांगितलं नाही, म्हणून त्यांचं फावतं.

लॅपटॉपवर विश्वास का बसतो?

"लॅपटॉप कोण फुकट देतं?" असं म्हणून पालकांना हसणं सोपं आहे. पण सरकारांनी लॅपटॉप खरंच दिलेले आहेत. तामिळनाडूने २०११ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या उच्च माध्यमिक मुलांना दिले. उत्तर प्रदेशात बारावी पास झालेल्यांना मिळाले. मध्य प्रदेशात बारावीला चांगले गुण मिळवणाऱ्यांना लॅपटॉपसाठी २५,००० रुपये खात्यात मिळतात. तळोज्यात उत्तर प्रदेशातली कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांच्या गावाकडच्या भावाला लॅपटॉप मिळालेला असतो, मग त्यांनी विश्वास का ठेवू नये?

आपल्याकडेही महाज्योतीने इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, दहावीनंतर जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना टॅब आणि इंटरनेट डेटा दिला आहे. खोटा मेसेज अशा खऱ्या बातमीच्या बोटाला धरून येतो. पण खऱ्या वाटपाची पद्धत पाहा: मूल ठरावीक इयत्तेतलं, ठरावीक अटीतलं, आणि यादी शाळेच्या, बोर्डाच्या किंवा संस्थेच्या नोंदीवरून. "पाचवी ते पदवी, सर्वांना" असं कुठलंही सरकार देत नाही. मेसेजमधला "सर्वांना" हा शब्दच खोटेपणा उघड करतो. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने मोफत लॅपटॉपचे असे मेसेज खोटे असल्याचं वेळोवेळी सांगितलं आहे, तरी वर्ष बदलून तेच पुन्हा फिरतात.

फी मागितली नाही म्हणजे मेसेज खरा, असंही नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीनंतर पंतप्रधानांच्या नावाने दोन कोटी तरुणांना मोफत लॅपटॉप देण्याचा मेसेज देशभर फिरला. लाखो लोकांनी त्या साइटवर नावं नोंदवली. दिल्ली पोलिसांनी राजस्थानातून एका तरुणाला पकडलं. तो आयआयटीतून एमएस्सी झालेला होता. त्याने कुणाकडून फी घेतली नव्हती. साइटवर येणाऱ्या गर्दीला दिसणाऱ्या जाहिरातींतून तो कमावणार होता. अशी जमा झालेली नावं आणि नंबर पुढे कुणाच्या हाती पडतील याचा नेम नाही. ताईंना फोन करणाऱ्याला त्यांच्या मुलीचं नाव, इयत्ता आणि कॉलेज आधीच माहीत होतं, कारण ते त्यांनीच त्या साध्या, बिनपैशाच्या फॉर्ममध्ये भरलं होतं. म्हणून तर तो खरा वाटला.

झाल्यावर काय करायचं

पैसे गेल्याचं कळताच १९३० या नंबरवर फोन करायचा. सोबत बँकेचा मेसेज उघडा ठेवायचा: रक्कम, तारीख-वेळ आणि यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक. तो नसेल तर तक्रार पुढे सरकत नाही. पैसे पुढच्या खात्यात अजून पडून असतील तर ते गोठवता येतात. चोर मात्र ते तासाभरात चार खात्यांत फिरवतात किंवा काढून घेतात. म्हणून "नवऱ्याला काय सांगू" या विचारात गेलेला दिवसच सगळ्यात महाग पडतो. त्यानंतर cybercrime.gov.in वर लेखी तक्रार, आपल्या बँकेत अर्ज, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जाणं. चॅट, क्यूआर, नंबर यातलं काही पुसून टाकू नका.

आमच्या ताईंनी मला सांगितलं तेव्हा शेवटचा व्यवहार होऊन आठ दिवस झाले होते. तक्रार केली, क्रमांक मिळाला, पैसे मिळाले नाहीत. महाडीबीटीचा पासवर्ड आम्ही त्याच दिवशी बदलला. आधारची जोडणी तपासली तर सुदैवाने जुनीच बँक दिसली. मुलीचा अर्ज शाबूत होता. तेवढंच वाचलं.

मी विचारलं, "आठ दिवस का थांबलात हो?" त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही टाकलेला मेसेज होता. मला वाटलं, माझंच काही चुकलं असेल."

हे वाक्य मला अजून बोचतं. त्याच रात्री मी वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं: "मोफत लॅपटॉपचा मेसेज मी न तपासता टाकला होता. तो खोटा आहे. कुणी पैसे किंवा ओटीपी दिला असेल तर मला फोन करा, मी रागावणार नाही." आणखी दोन घरांतून फोन आले. त्यातल्या एकाने ओटीपी दिला होता, पैसे नव्हते दिले. तो वेळेत सावरला. मी नुसता मेसेज गुपचूप डिलीट केला असता तर हे दोघेही गप्प बसले असते.

आपल्या सगळ्यांपुढे माझं म्हणणं एवढंच आहे. जूनमध्ये प्रत्येक शाळेने एक कागद फलकावर लावावा आणि ग्रुपवरही टाकावा. आपल्या मुलांना लागू असलेल्या चार-पाच खऱ्या योजना, कुठली इयत्ता, अर्ज शाळा भरणार की पालक, कधी, आणि शेवटचा रकाना "पालकांनी किती पैसे द्यायचे". बहुतेक ओळींत तिथे शून्य असेल, परीक्षेच्या ओळीत शुल्काचा आकडा असेल. खाली एक ओळ: "या यादीत नसलेल्या योजनेचा फोन आला तर आधी वर्गशिक्षकांना विचारा." आमच्या शाळेत हा कागद यंदा लागला. बनवायला एक दुपार पुरली. आणि यादीत नसलेली लिंक ग्रुपवर टाकायची नाही हा नियम मी आधी स्वतःला लावून घेतला आहे.

परवा तीच ताई पुन्हा भेटली. मोबाइल पुढे करून म्हणाली, "बाई, हे बघा, टॅबचा मेसेज आलाय. फलकावर नाहीये ना हा?"

नव्हता.

आपल्या शाळेत असं काही घडलं असेल, किंवा असा कागद तुम्हीही बनवला असेल, तर नक्की कळवा.